एका सत्राची सुट्टी आणि तबल्याच्या सरांना दिलेली चिठ्ठी

आमच्या घरात दोन मुले तबला शिकली. थोरल्याचा क्लास सुटला आणि धाकटीचा फक्त थांबला. सुटणे आणि थांबणे यांतला फरक आम्हाला थोरल्याच्या वेळी कळला नाही. त्याची किंमत मोजून झाल्यावर धाकटीच्या वेळी आम्ही नीट वागलो. दहावीचे वर्ष, घरातले आजारपण किंवा बदली अशा कारणाने मुलाचा गाण्याचा, वाजवण्याचा वा नाचाचा क्लास चार-सहा महिने बंद ठेवायची वेळ अनेक घरांवर येते. त्या वेळी शिक्षकांना काय सांगायचे, कधी सांगायचे आणि कोणी सांगायचे, हे आमच्या अनुभवावरून लिहितो आहोत. संगीताविषयी घराघरांत वेगवेगळी मते आहेत. ज्या घरातले मूल शिकते आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आम्ही मिरजेत राहतो. सतार-तंबोऱ्याचे भोपळे इथे गल्लीत वाळत घातलेले दिसतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसाला तिथे आजही गाणेबजावणे होते. अशा गावात शिकवणाऱ्याला लोक नुसता फी घेणारा माणूस समजत नाहीत. म्हणून आमची पहिली चूक आम्हाला जास्तच लागली.

थोरल्याच्या वेळी काय झाले

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरला नववीत होता. पहिल्या चाचणीत गणितात मार्क कमी पडले आणि रात्रीच्या जेवणावर आमचे ठरले, की आता तबला बंद. त्याच रात्री साडेदहाला त्याच्याच मोबाइलवरून सरांना एका ओळीचा संदेश गेला, की उद्यापासून तो येणार नाही, अभ्यास आहे. सरांचे उत्तर आले, "बरं." आम्हाला वाटले, काम झाले.

सरांच्या बाजूला त्या ओळीने काय काय मोडले, ते नंतर हळूहळू समजले. त्यांनी थोरल्याचा प्रवेशिका पूर्ण या परीक्षेचा फॉर्म आठच दिवसांपूर्वी भरला होता आणि परीक्षा फी स्वतःच्या खिशातून घातली होती, कारण आम्ही ती "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणालो होतो. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात चार मुलांचे एकत्र वादन बसवले होते. चौघांना वाटून दिलेल्या तिहायांपैकी एकाची जागा रिकामी झाली आणि उरलेल्या तिघांचे सगळे पुन्हा बसवावे लागले. मंगळवार-शुक्रवारची त्याची जागा सरांनी दोन महिने कोणाला दिली नाही. नववीतला मुलगा आहे, रुसून बसला असेल, येईल परत, असे त्यांना वाटत राहिले.

सर्वांत अवघड झाले ते आमच्या लेकीचे. ती तेव्हा खालच्या तुकडीत नुकतीच बसू लागली होती. दर आठवड्याला सर तिलाच विचारीत, "भाईजान कसा आहे? येणार आहे का?" दहा वर्षांची पोर काय सांगणार? एकदा ती घरी येऊन म्हणाली, "अम्मी, तुम्हीच सांगा ना सरांना. मला खोटं बोलावं लागतं."

थोरला परत गेलाच नाही. पुढच्या वर्षी त्याला जायचे होते, पण तो म्हणायचा, आता कोणत्या तोंडाने जाऊ? तबला येत नाही म्हणून तो थांबला नव्हता. परतीचा दरवाजा आम्ही लावून घेतला होता म्हणून तो थांबला. परीक्षेची फी आम्ही दीड वर्षाने नेऊन दिली. सरांनी घेतली, पण त्या दीड वर्षात बाजारात ते दिसले की आम्ही रस्ता बदलत होतो.

धाकटीची दहावी

गेल्या वर्षी लेक दहावीत गेली. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण अशा तीन परीक्षा तिने दिल्या होत्या आणि मध्यमा प्रथमची तयारी चालू होती. सरांच्या क्लासची वर्षात दोन सत्रे असतात. पहिले जून ते दिवाळी आणि दुसरे दिवाळीनंतर एप्रिलपर्यंत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही वर्षातून दोनदा होतात, एकदा एप्रिल-मेच्या सुमारास आणि एकदा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होणार होती आणि रमजानही त्याच आठवड्यात लागणार होता. पहाटे सहरी, दिवसभर रोजा, दुपारी पेपर किंवा अभ्यास आणि संध्याकाळी इफ्तार. त्यात सहा ते सातचा तबला बसत नव्हता. म्हणून दुसरे सत्र पूर्ण थांबवायचे ठरले.

हे ठरले ऑगस्टच्या शेवटी. सत्र संपायला तेव्हा सात-आठ आठवडे होते. आमचा पहिला विचार होता की दिवाळीत मिठाई द्यायला जाऊ तेव्हा सांगू. लेकच म्हणाली, "तोवर फॉर्म भरला जाईल." सरांकडे डिसेंबरच्या परीक्षेचे फॉर्म सप्टेंबरअखेर जातात. म्हणजे आमच्या सुट्टीची सुरुवात नोव्हेंबरात असली तरी ती कळवण्याची मुदत सप्टेंबरात होती. बहुतेक पालक इथेच चुकतात. क्लास कधी बंद करायचा याची तारीख आपण बघतो. पण शिक्षकांना त्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या असतात. परीक्षेचे फॉर्म, कार्यक्रमात कोण काय वाजवणार आणि रिकामी होणारी जागा कोणाला द्यायची. या तिन्हींपैकी जी तारीख सर्वांत आधी येते, तिच्या आत सांगायला हवे. आमच्या बाबतीत ती फॉर्मची होती. नाचाच्या क्लासात ती बहुधा कार्यक्रमाची असते, कारण पोशाखाची मापे आणि रांगेतल्या जागा फार आधी ठरतात.

१२ सप्टेंबरला शुक्रवार होता. तास संपल्यावर आम्ही दोघे आणि लेक सरांकडे थांबलो. आधी तोंडी सांगितले, मग चिठ्ठी हातात दिली. सांगायला सुरुवात लेकीने केली. हे आम्ही मुद्दाम ठरवले होते. शिकणारी ती आहे. आई-बापांनी परस्पर सांगितले, तर मुलीला शिकायचे आहे आणि घरचे आड येतात, किंवा घरच्यांना हवे आहे आणि मुलगी कंटाळली आहे, असा काहीतरी अर्थ निघतो. ती म्हणाली, "सर, दिवाळीनंतर एप्रिलपर्यंत मी येऊ शकणार नाही. दहावी आहे. पण मला सोडायचं नाहीये." शेवटचे वाक्य बोलताना तिचा आवाज जरा कापला. पण ते तिनेच म्हणायला हवे होते.

चिठ्ठी अशी होती :

"आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आमची मुलगी आपल्याकडे मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी सहाच्या तुकडीत शिकते. दहावीच्या परीक्षेमुळे ती दिवाळीनंतरचे एक सत्र येऊ शकणार नाही. शुक्रवार, दि. १७ ऑक्टोबर २०२५ हा तिचा या सत्रातला शेवटचा तास असेल. मंगळवार, दि. ७ एप्रिल २०२६ पासून तिची पुन्हा यायची इच्छा आहे.

डिसेंबरच्या परीक्षेसाठी तिचा मध्यमा प्रथमचा फॉर्म कृपया भरू नये. जानेवारीच्या कार्यक्रमातही तिला धरू नये. ऑक्टोबरअखेरची फी सोबत देत आहोत. काही बाकी राहिले असल्यास सांगावे. तिची सध्याची जागा आपण दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावी, आमची हरकत नाही. एप्रिलमध्ये ज्या तुकडीत जागा असेल त्या तुकडीत ती येईल. आपण सरावासाठी दिलेला डग्गा शेवटच्या तासाला परत आणून देऊ.

या पाच महिन्यांत तिने घरी काय करावे, हे आपण सांगितलेत तर बरे होईल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही फोन करू."

एवढीच. कारण एका ओळीत आहे. गणितात किती मार्क पडले आणि शिकवणीचे सर काय म्हणाले, यातले काही त्यात नाही. कारण लांबले की ते सबबीसारखे वाटू लागते आणि समोरचा माणूस त्यातून वाट काढून देऊ लागतो, "मग फक्त शुक्रवारी पाठवा." चिठ्ठीत तारखा मात्र नेमक्या आहेत. "काही दिवस", "परीक्षा झाल्यावर बघू" असे लिहिले की शिक्षकाला जागा सोडताही येत नाही आणि धरताही येत नाही. थोरल्याच्या वेळी सरांचे हेच झाले होते. चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "मला तेव्हाही पत्र नको होतं. तारीख हवी होती."

पाच वर्षांत थोरल्याबद्दल ते आमच्याशी एवढे एकच वाक्य बोलले.

जागा आणि फी

फीचा विषय काढायला आपल्याला संकोच वाटतो आणि शिक्षकांना तर त्याहून जास्त. म्हणून तो पालकांनीच काढावा. आमच्या क्लासची फी महिना नऊशे रुपये. नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने धरले तर एका मुलामागे साडेचार हजार रुपये. सरांची उपजीविका क्लासवर चालते. एका तुकडीत चारच मुले असतात, कारण त्याहून जास्त असली की प्रत्येकाच्या बोटाकडे बघता येत नाही. चारांतला एक गेला तर त्या तासाचे पाव उत्पन्न जाते आणि वेळ मात्र तेवढाच द्यावा लागतो.

त्यावर तीन वाटा असतात. एक, जागा सोडून द्यायची आणि परत आल्यावर जिथे मिळेल तिथे बसायचे. दोन, तीच वेळ आणि तीच तुकडी राखायची असेल तर त्या महिन्यांची ठरवून काही फी द्यायची. तीन, जागा सोडायची, पण महिन्यातून एकदा येऊन हात दाखवायचा आणि त्या एका तासाचे पैसे द्यायचे. जागाही राखा आणि फीही घेऊ नका, ही चौथी वाट आपण मनातल्या मनात धरून चालतो, पण ती मागणे बरोबर नाही. एखाद्या शिक्षकाने आपणहून दिली तर गोष्ट वेगळी.

आम्ही पहिली वाट चिठ्ठीत लिहिली होती. सरांनी तिसरी सुचवली, महिन्याचा पहिला रविवार, सकाळी अर्धा तास. आम्ही डिसेंबर आणि जानेवारी हे दोनच महिने घेतले. फेब्रुवारी-मार्चला नाही म्हणालो. रोजा आणि पेपर चालू असताना ते जमणार नव्हते आणि कबूल करून न जाणे आम्हाला आता नको होते. त्या अर्ध्या तासाचे सर काही घेत नव्हते. आम्ही दीडशे रुपये पाकिटात घालून दिले, त्यांनी ठेवले.

वेळेवर सांगितल्याचा आणखी एक फायदा झाला, तो आमच्या ध्यानात नव्हता. सर म्हणाले, "हिच्या परीक्षांची प्रमाणपत्रं शाळेत दिलीत का?" शास्त्रीय संगीताच्या मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, पण तो प्रस्ताव शाळेमार्फत, ठरलेल्या मुदतीत जावा लागतो. किती परीक्षा झाल्या त्यावर ते गुण ठरतात. एका प्रमाणपत्रावर लेकीच्या वडलांच्या नावातले एक अक्षर शाळेच्या दाखल्याशी जुळत नव्हते. सरांनी ते तेव्हाच दुरुस्तीला पाठवले. दिवाळीत सांगितले असते, तर ते होऊन आले असते की नाही कोण जाणे.

पाच महिने हात कसा राखायचा

सर लेकीला म्हणाले, नवीन काही वाजवायचे नाही. रोज पंधरा मिनिटे, दोनच गोष्टी. पहिली पाच-सात मिनिटे तेटे आणि तिरकिट ठाय लयीत, म्हणजे सावकाश. मग जो कायदा पक्का आहे तोच तीनतालात, आधी एकपट आणि मग दुप्पट. चौपटीला हात लावायचा नाही. सराव तुटल्यावर वेगात वाजवले की बोटे चुकीच्या जागी पडायला शिकतात. मग परत आल्यावर ती सवय मोडण्यातच महिना जातो. ज्या दिवशी वेळ नाही, त्या दिवशी हातावर टाळी देत बोल नुसते तोंडाने म्हणायचे. त्याला पाच मिनिटे पुरतात आणि लय डोक्यातून जात नाही.

तबल्याचीही काळजी सांगितली. न वाजणारा तबला कोपऱ्यात पडून राहतो. भिंतीला टेकून ठेवला तर ओल धरतो, खिडकीत ठेवला तर उन्हाने पुडी ताणते आणि शाईला भेगा जाण्याची भीती असते. म्हणून चुंबळीवर, जाड खोळ घालून, खोलीच्या आतल्या बाजूला ठेवायचा. पंधरा दिवसांतून एकदा खोळ काढून सगळ्या बाजूंनी एकसारखा बोलतो का ते बघायचे. एखाद्या बाजूचा सूर उतरला असेल तर हातोडीने हलकेच जुळवायचा. थोरल्याचा तबला आमच्याकडे तसाच पडून होता. दोन वर्षांनी खोळ काढली तेव्हा शाईचे खपले निघत होते. पुडी नवीन घालावी लागली.

लेकीने सरांचे सांगणे किती पाळले? खरे सांगायचे तर जानेवारीच्या मध्यापर्यंत आठवड्यातून चार दिवस. त्यानंतर फक्त तोंडी बोल, तेही इफ्तारनंतर धाकट्या चुलतभावाला चिडवण्यापुरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये खोळ दोनदा उघडली.

परत जाताना

ईद झाल्यावर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ठरल्याप्रमाणे फोन केला. हा फोन विसरू नये. सप्टेंबरात दिलेली तारीख शिक्षकांच्या वहीत असते, पण मूल खरेच येणार का, हे त्या फोननेच पक्के होते. मंगळवार-शुक्रवारच्या तुकडीत एक नवा मुलगा बसला होता, म्हणून लेकीला सोमवार-गुरुवारची वेळ मिळाली. त्यामुळे ७ एप्रिलऐवजी सोमवार, ६ एप्रिलला ती गेली.

पहिल्या तासाला तिचा उजवा हात बरा चालला, डावा मात्र जड झाला होता. डग्ग्यावर मनगट घासून जी घुमक निघते ती निघेना. सरांनी तीन आठवडे तिच्याकडून तेच ते करून घेतले. ती घरी येऊन कुरकुरली, सहा महिन्यांपूर्वी मी याच्या कितीतरी पुढे होते. ते खरेच होते. एक सत्र थांबले की मागे पडलेले भरून यायला महिना-दीड महिना लागतो, हे आधीच धरून चालावे. मध्यमा प्रथमचा फॉर्म आता येत्या सप्टेंबरात भरायचा आहे.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. मुलाला खरोखरच क्लास सोडायचा असेल, तर त्याला "एका सत्राची सुट्टी" म्हणू नये. सोडताना वाईट वाटू नये म्हणून आपण सुट्टी म्हणतो, मग शिक्षक जागेचा आणि परतीचा विचार करत बसतात आणि मूल परत येत नाही. आमच्या थोरल्याला आम्ही सरळ विचारले असते, तर तो "मला थांबायचं आहे, सोडायचं नाही" असे म्हणाला असता. आम्ही विचारलेच नाही. चिठ्ठी लिहायच्या आधी हा एक प्रश्न मुलाला विचारावा आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प राहावे.

परवा थोरला लेकीला आणायला क्लासवर गेला होता. यायला उशीर झाला. विचारले तेव्हा म्हणाला, "सरांनी बसवून घेतलं. म्हणाले, बघू तेटे."